शुद्धीवर केलेली सही

“म्हंजे मी येडा व्हतो, आसं लिवायचं?”

मच्छिंद्रआण्णांनी वॉकर फरशीवर आपटला. त्याच्या पायांना रबराची टोपणं होती, त्यामुळे काही आवाज झाला नाही, आणि म्हणून त्यांचा राग आणखीच चढला.

“येडा नाही हो आण्णा,” त्यांचा मुलगा दत्तप्रसाद म्हणाला. “‘मानसिक स्थिती ठीक नव्हती.’ लीगल भाषा असते ती.”

“भाषा कसलीबी आसंल. वाचनारा येडाच वाचनार.”

“मग वाचू दे ना! फ्लॅट परत पाहिजे की नको? काल लोक दारात आले होते, विसरलात? का तेही विसरलात?”

शेवटचं वाक्य तोंडातून गेलं आणि दत्तप्रसादने नजर टीव्हीकडे वळवली. टीव्ही बंदच होता. उत्कर्षाने, त्याच्या बायकोने, चहाचा कप वकीलबाईंच्या पुढ्यात जरा जोरातच ठेवला. वकील हेमाताई मात्र मान खाली घालून समोरचे दोन कागद वाचत होत्या. पक्षकाराला जिना उतरवत नाही म्हणून रविवारी सकाळी त्या स्वतः वारज्याला आल्या होत्या.

कालचं आण्णा विसरणं शक्य नव्हतं. भर दुपारी बेल वाजली. दारात एक एजंट आणि त्याच्यामागे तरुण जोडपं. “मालकीणबाईंनी पाठवलंय, नुसतं बघून जातो,” म्हणून एजंट उंबऱ्यातूनच हॉल दाखवायला लागला. मागच्या पोरीने मान लांब करून विचारलं, गॅलरीत वॉशिंग मशीन बसेल का. आण्णा सोफ्यावर बसलेले. त्यांच्याकडे तिने सोफ्याकडे बघावं तसंच बघितलं. उत्कर्षाने तिघांना हाकललं, दार लावलं. तेव्हापासून आण्णांचा जीव थाऱ्यावर नव्हता. दाराची कडी लागली आहे ना, हे ते तिला सारखं विचारत होते.

वारज्यात ज्वारी डुलत होती त्या काळात मच्छिंद्रआण्णांना भावकीतल्या वाटणीला हमखास बोलावणं असायचं. दोन भाऊ बांधावर हमरीतुमरीवर आले की हे मधे घोंगडी टाकून बसायचे. लिहिणं-वाचणं जेमतेम, पण शब्द ठरलेला: “आज सही नको. एक रात जाऊ द्या, सकाळी भाकर खा, मंग बघू.” पुढे रस्ता झाला, पूल झाला, बिल्डर आले. आण्णांच्या रानात इमारती उभ्या राहिल्या आणि त्यातला एक फ्लॅट त्यांच्या नावावर राहिला. दत्तप्रसाद नोकरीसाठी हिंजवडीला गेला. अंतर काही फार नाही; पण ट्रॅफिकला दोष देता येतो, हे त्या अंतराचं मोठं सुख.

आण्णांच्या पत्नी मालनबाई गेल्या. मग आण्णा बाथरूममध्ये पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं. मुलाने रुग्णसेवेच्या ब्युरोतून दिवसरात्र राहणारी बाई ठेवली. रुपाली तिचं नाव, वाशिमकडची. पहिले काही महिने तर आण्णा शेजाऱ्यांना सांगायचे, “लेक आली माज्या घरात.” तिच्या हाताला चव होती, आणि त्यांना उठवून बसवताना दुखू द्यायची नाही.

कधी बदललं ते सांगता येत नाही. फोन तिच्याकडे राहायला लागला. कुणी आलं की दारातूनच, “आण्णा झोपले आहेत.” दत्तप्रसादचा फोन आला की स्पीकर लावून ती शेजारी उभी. मग एक दिवस तिने बक्षीसपत्राची गोष्ट काढली. घर माझ्या नावावर करा, म्हणजे मला कुणी इथून काढणार नाही, मी तुम्हाला शेवटपर्यंत बघीन. आण्णा म्हणाले, पोराला इचारतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी हाक मारली, ती आली नाही. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज येत होता. ऊन पलंगावर येईपर्यंत आण्णा ओल्या अंथरुणात पडून होते. मग ती आली, हसतमुखाने चादर बदलली आणि म्हणाली, “मी गेली ना आण्णा, तर रोज असंच व्हायचं.”

असं दोनतीनदा झालं.

नोंदणी कार्यालयाचे साहेब घरीच आले. आजारी माणसासाठी येतात. अंगठ्याचं यंत्र, कॅमेरा, साक्षीला रुपालीचा मावसभाऊ आणि त्याचा मित्र. साहेबांनी विचारलं, “आजोबा, राजीखुशीने देताय ना?” रुपाली उशाशी उभी होती. तिचा हात आण्णांच्या खांद्यावर होता, अगदी हलका. आण्णा म्हणाले, “व्हय.”

तो “व्हय” आता त्यांना गिळवत नव्हता आणि थुंकवतही नव्हता.

रुपालीने फ्लॅट नावावर करून घ्यायला सोसायटीत अर्ज दिला, सेक्रेटरींनी दत्तप्रसादला फोन केला, तेव्हा हे बाहेर आलं. दत्तप्रसादने तिला घालवलं, तात्पुरतं उत्कर्षाला इथे ठेवलं, बापाला विचारलं. आण्णा एकच धरून बसले: “मीच दिलं. इचारू नगंस.” त्यावरून मुलाने ताडलं, म्हाताऱ्याचं डोकं गेलं. आण्णांनी खरं तोंड उघडलं ते काल, एजंट येऊन गेल्यावर. तेही उत्कर्षापुढे.

“हा दुसरा कागद कुठला?” हेमाताईंनी आता मान वर केली. पाचशेचा स्टॅम्पपेपर होता.

“त्योच तर,” आण्णांचा आवाज एकदम बसला. “त्यात लिवलंय, ह्या बक्षीसपत्राइरुद्ध मी नि माजं वारस कदीबी कोर्टात जानार न्हाई. गेलो तर फौजदारी. माजी सही हाय त्यावर. म्हून तर गप ऱ्हायलो बाई. ह्या वयात बेड्या घालून न्यायचे.”

“ह्याला घाबरलात?” हेमाताईंनी तो कागद चिमटीत धरला. “काका, कोर्टाचा रस्ताच बंद करणारा करार कायद्याच्या लेखी जन्मालाच येत नाही. अगदी आनंदाने केला असतात तरी नाही. हा मुळातच रद्द. तो मोडावाही लागत नाही. स्टॅम्पपेपरवर शिक्का छान असतो, एवढंच.”

आण्णा त्या कागदाकडे बघत राहिले. महिनोन्‌महिने त्यांच्या छातीवर बसलेली गोष्ट ही होती.

“मग बक्षीसपत्रही तसंच ना?” दत्तप्रसाद पुढे सरकला.

“नाही. तिथेच गोम आहे. बक्षीसपत्र जिवंत आहे. नोंदलेलं आहे, साक्षीदार आहेत. आज तुम्ही काहीच केलं नाहीत, तर फ्लॅट रुपालीचा. पण ज्याच्यावर दुसऱ्याचा ताबा आहे, त्याच्याकडून दबावाने संमती घेतली, तर ती खरी संमती नव्हे. असा व्यवहार मोडता येतो. बक्षिसालाही तोच नियम. मात्र मोडायचं की ठेवायचं, हे ज्याला दाबलं तोच ठरवतो. तो तुम्ही नव्हे, हे.” त्यांनी पेनने आण्णांकडे दाखवलं.

“म्हणूनच म्हणतो ना, शुद्धीवर नव्हते म्हणा! मग तेही मुळातच रद्द. फॅमिली डॉक्टर विसरभोळेपणाचं सर्टिफिकेट देतात. झटक्यात काम.”

“झटक्यात?” हेमाताईंनी चहाचा घोट घेतला. “सही करताना त्यांना काय चाललंय ते कळत नव्हतं, हे तुम्हाला सिद्ध करावं लागेल. तिकडे साहेबांनी विचारलं, ह्यांनी नीट उत्तर दिलं. आणि त्याच महिन्यात तुम्ही बँकेचा फॉर्म कुरिअरने पाठवलात ना, जॉइंट खात्याचा? त्यावरही ह्यांचीच सही आहे. वेडा माणूस एका कागदापुरता वेडा नसतो, दत्तप्रसाद.”

उत्कर्षाला हसू आलं. ते तिने पदराच्या अभावी हातानेच झाकलं.

“आणि दबावाचं सिद्ध कोण करणार?” दत्तप्रसाद कुरकुरला.

“आधी आपण. हे अंथरुणावर, सगळी भिस्त तिच्यावर, फोन तिच्याकडे, आणि राहतं घर फुकटात गेलं. एवढं कोर्टाला पटवलं, की मग तिने दाखवायचं, दबाव नव्हता म्हणून. पण त्यासाठी काकांना साक्षीला यावं लागेल. सगळं सांगावं लागेल.”

“समदं?” आण्णांनी विचारलं.

“चादरीचंही.”

खाली पार्किंगमध्ये कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिची पिपाणी वाजत राहिली.

“चार लोकांत हे सांगणार तुम्ही?” दत्तप्रसादचा चेहरा लाल झाला होता. “गावातले निम्मे लोक कोर्टात असतात. विचारतील, पोरगा कुठं होता?”

आण्णांनी मुलाकडे बघितलं. आत्ता कुठे त्यांना कळलं, ह्याला बाप वेडा का हवा होता. आणि खरं सांगायचं तर त्यांनाही ते क्षणभर बरं वाटलं. वेड्याला लाज नसते. बांधावर दोन भावांना गप्प करणारा माणूस एका बाईच्या भांड्यांच्या आवाजाला भ्यायला, हे कुणाला सांगायचं?

तेवढ्यात उत्कर्षाचा फोन वाजला. रुपालीचा आवाजी निरोप. उत्कर्षाने तो सगळ्यांना ऐकवला.

“आण्णा, जेवले काय तुम्ही? दुसऱ्या बाईच्या हातचं जमते काय? सोसायटीच्या कागदावर एक सही द्या फक्त. मी घर विकत नाही मग. मी येतो परत, शेवटपर्यंत करीन तुमचं.”

आण्णा तो आवाज ऐकत पुढे झुकले. भीतीने की मायेने, हे त्यांनाच उमगेना. त्यांचा हात आपसूक चादर चाचपावी तसा मांडीखाली गेला. सोफा कोरडा होता.

“ही सही केली तर?” त्यांनी हळूच विचारलं.

“आज ती इथे नाही, तुम्ही मोकळे आहात,” हेमाताई म्हणाल्या. “मोकळेपणी मान्य केलंत, की मोडायचा हक्क संपला. तोही तुमचाच अधिकार आहे, मी अडवणार नाही. दाव्याला तीन वर्षांची मुदत असते, पण तेवढं थांबण्यात अर्थ नाही. कालच्या जोडप्यासारख्या कुणी, ह्यातलं काहीच माहीत नसताना, पैसे मोजून घर घेतलं, तर त्यांच्याकडून सोडवणं महाकठीण. दाव्याबरोबर विक्रीला मनाईही मागावी लागेल. उद्याच.”

“आण्णा, घाई नको,” दत्तप्रसाद म्हणाला. “तुम्हीच म्हणायचात ना, एक रात जाऊ द्या?”

“गेली की,” आण्णा म्हणाले. “कालची. डोळ्याला डोळा न्हाई.”

त्यांनी वॉकर जवळ ओढला आणि उभे राहायला लागले. दत्तप्रसाद उठला, तर त्यांनी हाताने त्याला थांबवलं. उभं राहायला वेळ लागला.

“बाई, लिवून घ्या. दावा माज्या नावानं. मी शुद्धीवर व्हतो, आन् मी भ्यालो व्हतो. आसंच लिवायचं. साक्ष मी देनार, चादरीसकट. दत्ता, तुजं नाव निघंल, त्ये निघू दे. हिंजवडीला तुज्याकडं ऱ्हायला मी येनार न्हाई. नवी बाई ठिवा, पन दर रईवारी तू हितं यायचं, आन् माजा फोन माज्या उशाखाली ऱ्हाईल.”