चौथ्या पत्राआधीचा फोन

बोळातला दिवा जाऊन वीस दिवस झाले होते आणि मुलगा तो बदलत नव्हता.

एवढीशी गोष्ट, पण आईच्या मनातून जाईना. घरातल्या दुसऱ्या कुणी बदलला नसता तर तिने दोन दिवस कटकट केली असती आणि विसरली असती. हा मुलगा मात्र दुकानांच्या पाट्या बनवणारा. अ‍ॅक्रिलिकची अक्षरं कापायची, त्यांच्या पोटात दिव्यांच्या पट्ट्या बसवायच्या आणि दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर चढून ती भिंतीला ठोकायची, हा त्याचा अकरा वर्षांचा धंदा. शिडीवर उभा राहून तो एका हाताने चहा प्यायचा. आणि आता घरातलं स्टूल ओढून दिवा बदलायला त्याला वेळ नव्हता.

"साऱ्या बाजाराची दुकानं उजळवतो आणि आम्ही मात्र भिंतीला हात लावत संडासाला जायचं," बाबा म्हणायचे. त्यांचे गुडघे गेलेले, त्यामुळे स्टूल त्यांच्या कामाचं नव्हतं.

"करतो हो बाबा. उद्या."

हे उद्या काही उजाडत नव्हतं. आईला वाटे, पोराला कसलातरी घोर लागलाय. आणि तो घोर कसला, हे आपल्याला ठाऊक आहे अशी तिची पक्की समजूत होती. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी दवाखान्याच्या पाटीचे पैसे थकवले होते. रक्कम म्हणजे कारखान्याचं दोन महिन्यांचं भाडं. कारखाना म्हणायचा एवढंच, एक शटर, एक कापायचं यंत्र, एक लांब टेबल आणि सगळ्यावर पांढरी बारीक भुकटी. जागेचा मालक दोनदा येऊन दारात उभा राहून गेला होता. तिसऱ्यांदा आला की कुलूप घेऊनच येईल, हे न बोलताही कळत होतं.

मुलगा मागणी करणाऱ्यातला नव्हता. लहानपणी स्वतःची पेन्सिल कुणी नेली तर आईकडे दुसरी मागायचा, पण ती परत मागायचा नाही. आईचं मात्र उलटं. औषधांच्या एका घाऊक विक्रेत्याकडे सव्वीस वर्षं वसुलीचं टेबल तिने सांभाळलं होतं. कुणाला कोणत्या दिवशी कोणत्या सुरात लिहायचं, हे तिच्या बोटांत होतं. निवृत्त झाल्यावर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी ती मुलाच्या कारखान्यात जाई, बिलं करी, मेल बघी. बाबा तिला वसुली अधिकारी म्हणायचे. त्यात चेष्टा होती आणि थोडा अभिमानही.

बिलाची तीस दिवसांची मुदत संपून पाच दिवस झाले तेव्हा तिने मुलाच्या नावाने पहिली मेल पाठवली. "नमस्कार डॉक्टर, आपल्या कामाच्या गर्दीत राहून गेलं असेल म्हणून आठवण करतो. बिलाची प्रत पुन्हा सोबत जोडली आहे. पैसे पाठवले असल्यास या पत्राकडे दुर्लक्ष करावं." लोणी लावल्यासारखी मेल. मुलाला वाचून दाखवली.

"पाठवू?"

"पाठव," तो म्हणाला. मान वर न करता.

उत्तर आलं नाही. मुदत संपून पंधरा दिवस झाल्यावर दुसरी. त्यात हवापाण्याची वाक्यं नव्हती. बिलाचा क्रमांक, तारीख, रक्कम, आणि पैसे नेमके कधी मिळतील ती तारीख कळवावी, अशी विनंती. महिना झाल्यावर तिसरी. ती ठाम होती, आणि तिच्या शेवटी आईने आपलं जुनं, हुकमी वाक्य घातलं होतं: "कामाबद्दल आपली काही तक्रार असल्यास सात दिवसांत लेखी कळवावी." सात दिवस गेले. तक्रार आली नाही. म्हणजे तक्रार नाही, असा आईने अर्थ घेतला.

ऑफिसात असताना नव्याने आलेल्या मुलींना ती एक गोष्ट बजावून सांगायची. चौथं पत्र, म्हणजे नोटीस, टाकण्याआधी फोन उचला. समोरच्याचा आवाज ऐका. कागदावर माणूस थकबाकीदार दिसतो, फोनवर कळतं की त्याच्याकडे आलेला माल फुटका होता. हा नियम तिने सव्वीस वर्षांत एकदाही मोडला नव्हता. या वेळी मोडला. ऑफिसच्या नावाने फोन करताना कधी जीभ अडखळली नव्हती, पण मुलाची आई म्हणून पैसे मागायला फोन करायचा, या विचारानेच तिचे कान गरम झाले. लिहिणं सोपं होतं. लिहिताना कुणी आपलं तोंड बघत नाही.

मुदत संपून पंचेचाळीस दिवस झाले त्या शुक्रवारी तिने नोटीस तयार केली. आधीच्या तिन्ही मेलच्या तारखा, एकूण रक्कम, सात दिवसांची शेवटची मुदत, आणि त्यानंतर कायदेशीर मार्ग अवलंबावा लागेल व त्याचा खर्च आपल्यावर राहील, हे वाक्य. मुलाला दाखवली असती तर तो "राहू दे गं" म्हणाला असता. म्हणून तिने तो कागद दोन बिलांच्या मध्ये ठेवला.

"इथे, इथे आणि इथे सही कर."

त्याने केली. हाताला डिंक लागलेला होता, कागद वाचायची त्याला सवयच नव्हती. आईने तीच नोटीस मेलनेही पाठवली आणि जाता जाता पोस्टात रजिस्टरही केली. घरी येऊन ती बऱ्याच दिवसांनी शांत झोपली.

मंगळवारी उत्तर आलं होतं.

ती दुपारी येऊन बसली, चष्मा पुसला, मेल उघडली. मुलगा पलीकडे एका वकिलाच्या दारावरची छोटी पाटी घासत होता. यंत्र बंद होतं, नुसता कागदाचा खरखर आवाज.

डॉक्टरीणबाईंनी लिहिलं होतं:

"तुमची नोटीस काल पोस्टमनने माझ्या हातात दिली. बाहेर आठ पेशंट बसले होते, त्यांच्यासमोर सही करून घेतली. पाटी लागून आठवडा झाला तेव्हा तिची अर्धी अक्षरं बंद पडली, ती आजही बंद आहेत. संध्याकाळी लोक दवाखाना बंद आहे समजून परत जातात. तुम्ही दुरुस्तीला आलात, काम अर्धवट टाकून गेलात, आणि तुम्हीच फोनवर म्हणालात, आधी दुरुस्ती, मग पैसे. तिसऱ्या मेलनंतर मी फोन केला तर म्हणालात, त्या आपोआप जातात, लक्ष देऊ नका. मी नाही दिलं. आता ही नोटीसही आपोआपच आली का? नव्या दवाखान्याची पाटी तुम्हालाच देणार होते."

खाली फोटो होता. संध्याकाळचा. पाटीचा डावा भाग झगझगीत आणि उजवा काळा, दात पडलेल्या तोंडासारखा.

आईने मेल दोनदा वाचली. मग पडदा मुलाकडे वळवला. तो उठून आला, उभ्याउभ्याच वाचू लागला, आणि निम्म्यावरच खाली स्टुलावर बसला.

"नोटीस? कुठली नोटीस?"

"तू सही केलेली."

"मी?"

"दोन बिलांच्या मध्ये ठेवली होती मी."

तो रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो रागावला नाही.

"हे खरं आहे?" तिने विचारलं. "अर्धी पाटी बंद आहे?"

"हो."

"मग मला सांगायचं नाही? मी इथे बसून एकावर एक पत्रं खरडतेय आणि तू पाठव म्हणतोस!"

"थांबव म्हटलं असतं तर का ते विचारलं असतंस."

"मग सांगायचं! वर वीज पुरवणारी एक डबी जळली असेल. तासाभराचं काम. तूच म्हणतोस ना नेहमी?"

तो हातातला घासायचा कागद दुमडत राहिला. घडीवर घडी, ती एवढीशी होईपर्यंत.

"तीच बदलायला गेलो होतो. शिडीचा पाय सरकला."

आईने खुर्ची त्याच्याकडे वळवली.

"पडलास?"

"नाही. लोंबकळलो. पाटीच्या पट्टीला एक हात, खाली सगळा रस्ता. कितीसा वेळ असेल, अर्धं मिनिट. खालच्या औषधवाल्याने शिडी सावरली. लागलं काहीच नाही, दंडावर एक काळानिळा डाग पडला, तो गेला. पण त्यानंतर..." तो हसल्यासारखं करत म्हणाला, "तिसऱ्या पायरीवर गेलो की पाय लटपटतात, आई. माझेच पाय. ऐकतच नाहीत."

"घरातलं स्टूल..."

"हो. तेसुद्धा."

वीस दिवस ती त्या दिव्यावरून त्याला बोलत होती. बाबांच्या विनोदाला हसत होती. आणि दोन महिने ती त्याची बिलं करत होती: दारावरची पाटी, टेबलावरची पाटी, काउंटरवरची पाटी. सगळं जमिनीवर उभं राहून लावता येणारं. तिने स्वतःच्या हाताने टाइप केलं होतं आणि मंदी आहे असं समजून सोडून दिलं होतं. हिशोबात एक रुपया इकडचा तिकडे झाला तर जिला झोप येत नसे, तिला हे दिसलं नव्हतं.

"दुसरा माणूस पाठवायचास वर चढायला."

"तो विचारणार, तू का नाही चढत? बाजारात बातमी फिरायला काय लागतं? पाटीवाला शिडीला घाबरतो म्हणे. कोण काम देईल?"

ती खुर्ची फिरवून पुन्हा मेलसमोर बसली. सवयीने बोटं चालू लागली. "आपणास झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. दिनांक अमुकची नोटीस मागे घेत आहोत." वाक्य नीट होतं, चूक काढायला जागा नव्हती. तिने ते वाचलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. आठ पेशंटांसमोर सही करायला लावलेल्या बाईला आपण पुन्हा एक कागदच दाखवणार होतो. त्यावर सही पुन्हा मुलाचीच असणार होती, आणि लिहिणारी पुन्हा मागे लपलेली.

तिने सगळं पुसून टाकलं.

"नंबर दे त्यांचा."

"आई, नको. मी बोलतो."

"तू नंतर बोल. नोटीस मी लिहिली, तुझ्यापासून लपवून मीच सही घेतली. हे माझ्या तोंडून गेलं पाहिजे."

"शिडीचं सांगू नकोस."

"तुझं काही सांगत नाही. माझंच पुरेसं आहे सांगायला." ती थांबली. "पण त्या विचारतील, दुरुस्ती कधी? तेव्हा काय सांगू?"

मग टेबलाच्या खणातून एक भुकटीने माखलेलं कार्ड काढून त्याने तिच्यापुढे ठेवलं. वर चढणाऱ्या एका फिटरचं होतं. त्याच्या कडा मऊ पडलेल्या, बरेचदा काढून परत ठेवल्यासारख्या.

"गुरुवारी सांग," तो म्हणाला. "याला घेऊन जातो. मी खाली उभा राहीन, शिडी धरून. विचारलंच त्याने, तर बघू."

"आणि पैसे?"

"ते मागू नकोस आज."

जागेच्या मालकाचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढे येऊन गेला. तिने मान डोलावली.

डॉक्टरीणबाईंचा नंबर बिलावर होता, तिनेच टाइप केलेला. दवाखान्याची दुपारची वेळ संपायला दहा मिनिटं होती. कान पुन्हा गरम झाले होते. सव्वीस वर्षांत कधी नव्हे ते तिला पहिलं वाक्य सुचत नव्हतं. नाही सुचलं तर नाही, असं तिने ठरवलं, आणि फोन उचलला.