जे तारे नव्हते

माण गावात मी ज्या छोट्या कंपनीत काम करते, तिचा एकच उपग्रह आहे. घरच्या वॉशिंग मशीनएवढा. उत्तर ध्रुवावरून दक्षिण ध्रुवाकडे आणि परत, असा पृथ्वीभोवती फिरत तो शेतांचे फोटो काढतो. त्याची तब्येत सांभाळणं ही माझी नोकरी. लग्नाच्या गप्पांत कोणी विचारलं की मी सरळ सांगते, "आयटीत आहे."

त्या सकाळी रहाटणीहून निघाले तेव्हा ऊन नेहमीसारखंच होतं. काळेवाडी फाट्याच्या गर्दीत बस अडकली आणि फोनवर इशारा आला: सूर्यावर मोठा स्फोट. मी खिडकीतून वर पाहिलं, डोळे दिपले, मान खाली घातली. त्या स्फोटाचा उजेड आठेक मिनिटांत इथवर पोचूनही गेला होता. शेजारच्या बाई मेथी निवडत होत्या. मला भीती उजेडाची नव्हती. त्याच्यामागून येणाऱ्या प्रोटॉनची होती, आणि अशा वेळी ते तासाभरातही येऊन थडकतात.

ऑफिसात आमचे सर आधीच पडद्यासमोर बसले होते. सर म्हणजे आमच्या गटाचे प्रमुख. आवाज कधी चढत नाही.

"कॅमेरा बंद करायचा?" मी विचारलं.

"हो. आजचे फोटो राहू देत. आधी तो जगला पाहिजे."

उपग्रह आमच्या आकाशातून जातो ती जेमतेम दहा मिनिटं. तेवढ्यातच त्याच्याशी बोलता येतं. तो वर आला, आकडे उतरायला लागले. प्रोटॉन आमच्या आधी पोचले होते. ध्रुवावरून जाताना एका सर्किटने अचानक जास्त वीज ओढली होती. असा एखादा कण चिपमध्ये घुसला की आत नको तिथून वीज वाहू लागते, आणि पुरवठा तोडला नाही तर चिप जळते. रक्षण करणाऱ्या सर्किटने तो तोडला होता, पुन्हा जोडला होता. मी बसमध्ये, लिफ्टमध्ये असताना त्याने एकट्याने स्वतःला वाचवलं होतं.

"तारे ओळखू येत नाहीयेत त्याला," सर म्हणाले.

आपलं तोंड कुठे आहे हे उपग्रह एका लहान कॅमेऱ्यातून तारे बघून ठरवतो. मी त्या कॅमेऱ्यावरचा भरवसा काढायचा आदेश पाठवला: फक्त सूर्य आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र बघून राहा, सौरपट्ट्यांचे पंख उन्हाकडे धर, बाकी सगळं बंद. पाठवण्याआधी तो सरांना मोठ्याने वाचून दाखवला. उत्तर आलं: आदेश पोचला. मग त्याच कॅमेऱ्याचं ध्रुवावरचं एक चित्र मागवलं. ते उतरेपर्यंत उपग्रह क्षितिजाला टेकला होता.

चित्र उघडलं. काळ्या आकाशात ताऱ्यांचा सडा पडला होता. इतके तारे मी गावाकडच्या अंधारातही पाहिले नव्हते. काही ठिपके, काही बारीक तिरप्या रेघा.

"यातले खरे किती?" मी विचारलं.

"असतील वीसेक. बाकी सगळा सूर्य आहे."

प्रत्येक ठिपका म्हणजे एक कण, धातूचं कवच भेदून कॅमेऱ्याच्या डोळ्यातून आरपार गेलेला. तिरपा गेला त्याची रेघ उमटलेली. मी ठिपके मोजू लागले आणि थोड्याच वेळात सोडून दिलं. खाली रस्त्यावर वडापावच्या गाडीपाशी पोरं हसत होती. त्यांच्यावर हवेचं जाड पांघरूण होतं आणि पृथ्वीचं चुंबकत्व बरेचसे कण ध्रुवांकडे वळवत होतं. कोणाला काही कळलं नाही, कळायची गरजही नव्हती.

संध्याकाळी ते चित्र मी बाबांना दाखवलं. बाबा लातूरकडचे, चाकणच्या कारखान्यात वेल्डर होते, आता निवृत्त आहेत. त्यांनी फोन लांब धरून बराच वेळ पाहिलं.

"वर माणसं बी असतेत ना? त्यांनी काय करायचं?"

"यानात जिथे भिंती जाड, पाण्याचा, सामानाचा साठा असतो, तिथे जाऊन बसायचं. हे कण शरीरातून गेले की पेशींची मोडतोड करतात. जास्त गेले तर माणूस आजारी पडतो, पुढे कॅन्सरचाही धोका." मग मी त्यांना आणखी एक सांगितलं. एरवीही अवकाशात असे कण फिरतच असतात, आणि डोळे मिटून पडलेल्या अंतराळवीरांना कधीकधी अंधारात लख्खकन उजेड दिसतो. कण डोळ्यातून गेलेला असतो.

बाबांनी डोळे मिटले आणि तसेच बसून राहिले. मीही मिटले. मला काहीच दिसलं नाही.

कणांचा जोर ओसरायला काही दिवस लागले. मग आम्ही एकेक भाग चालू केला, कॅमेरा सगळ्यात शेवटी. पहिला फोटो आला तो कुठल्याशा उसाच्या पट्ट्याचा, स्वच्छ हिरवा. कोपऱ्यात मात्र कणांनी दुखावलेले काही ठिपके कायमचे पांढरे राहिलेत. सॉफ्टवेअर ते पुसून टाकतं. ग्राहकांना पुसलेला फोटोच जातो. मी कधीकधी न पुसलेला उघडून बघते.