रेश्माची वलयं

आमची रेश्मा म्हणजे हट्टाची पुडी. सांगलीत आम्ही दोघी भूगोलाच्या एम.ए.ला. तिचा प्रकल्प नापास झाला असता तर वर्ष गेलं असतं, आणि वडिलांनी तिला पुन्हा कॉलेजात धाडलंच नसतं. हे ठाऊक असूनही बाईसाहेबांनी प्रकल्पात वर्तुळंच काढली नव्हती!

आमच्या विभागाची रीतच होती. सांगलीचा नकाशा घ्यायचा, कर्कटकाचं टोक गणपती पेठेत रोवायचं आणि पाच वलयं ओढायची. मध्ये बाजार, त्याभोवती जुनी पडकी वस्ती, मग कामगार, मग बरी घरं, शेवटी रोज बाहेरून कामाला येणारे. एककेंद्री वलय सिद्धांत! शिकागो बघून शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी मांडला, आणि आम्ही डोळे मिटून रंगवत होतो.

तोंडी परीक्षेला आलेले नानासो सर भडकलेच. "वलयं कुठायत?"

"सर, ती इथं बसत नाहीत. एका अंगाला कृष्णा आहे."

"शिकागोचं अर्धं वर्तुळ तलावातच आहे की! सिद्धांत मोडला का?"

 प्रश्न बिनतोड होता.

रेश्मा म्हणाली, "नाही मोडला. उरलेल्या अर्ध्यात क्रम तोच राहिला. इथं क्रमच उलटतोय."

"संध्याकाळपर्यंत वलयं काढून आण. नाहीतर सही नाही."

मी तिला म्हटलं, "बये, काढ की गोल आणि सूट!" ती वाचनालयात बसली आणि तिनं खरंच वलयं काढली. पण ट्रेसिंग पेपरवर. घरोघर फिरून रंगवलेल्या नकाशावर तो कागद ठेवून तिनं सरांसमोर सरकवला.

कुपवाडचे कारखाने आणि कामगारांच्या खोल्या पडल्या चौथ्या वलयात, बऱ्या घरांच्या जागी. मिरजेत दुसराच बाजार भरलेला. सांगली-मिरज रस्त्याला वस्तीचा लांबलचक पट्टा वाढलेला, त्याला वलय कसलं!

"पण सिद्धांत सांगतो, नवीन माणूस आधी मध्यभागाजवळ येतो, मग पैसा आला की बाहेर सरकतो," सर हळू बोलले.

"आमचे आण्णा, म्हणजे माझे वडील, कामासाठी जतहून थेट कुपवाडला उतरले, सर. बाजाराजवळची खोली परवडणार नव्हती. आणि आमचं एकच घर नाही, ही बघा अख्खी वस्ती."

सरांनी ट्रेसिंग पेपर उचलला आणि पुन्हा नकाशावर ठेवून बघितला. "मग सिद्धांत टाकून द्यायचा?"

"नाही, सर. तो वर ठेवला म्हणून तर कुठं काय वेगळं आहे ते दिसलं."

सरांनी सही केली. मला तर रडूच आलं.

घरी तिनं आण्णांपुढं नकाशा पसरला. "आपलं घर कुठं हाय गं?" त्यांनी विचारलं. तिनं त्यांचं बोट धरून कुपवाडवर ठेवलं.

"आरं द्येवा! गावापासनं एवढं लांब टाकलंस?"

"लांब कुठं, आण्णा? तुमचा कारखाना शेजारीच हाय."

आण्णांनी बोट तिथंच ठेवलं. "व्हय की," ते म्हणाले, "आमच्यासाठी गावाचं मधलं हितंच."