उजवीकडेच वाढणारं झाड

राजारामपुरीतल्या आमच्या छोट्या ऑफिसात आम्ही दूध संघासाठी प्रोग्राम बनवत होतो. वीस हजार सभासदांचे नंबर झाडासारखे रचायचे, लहान डावीकडे, मोठा उजवीकडे, आणि सगळ्यांच्या दुधाची बेरीज करायची. बेरीज आली की दूध थंड ठेवायच्या शीतकेंद्रावरचा टँकर आत घ्यायचा. प्रोग्राम लिहिला होता माझ्या धाकट्या सहकाऱ्यानं. वडिलांना अर्धांगवायू झाला म्हणून पोरगा पुणं सोडून आलेला. मालकांनी त्याला तोंडावर सांगितलं होतं, "गडबड झाली की घरचा रस्ता."

बेरजेचं फंक्शन स्वतःलाच हाक मारायचं. प्रत्येक हाकेची एक फ्रेम, म्हणजे अर्धवट राहिलेल्या कामाची नोंद, मेमरीत बसून राहते, आतली हाक परत येईपर्यंत. डावी फांदी संपली की तिच्या फ्रेम जातात, तीच जागा उजवीला मिळते. म्हणून हाका वीस हजार झाल्या तरी एका वेळी फ्रेम झाडाच्या उंचीएवढ्याच. त्याच्या चाचणीत नंबर विस्कटलेले होते, म्हणून फांद्या दोन्हीकडे फुटलेल्या, उंची चाळीसेक.

मग संघाकडून गावागावांच्या खऱ्या फायली आल्या आणि मी त्या उघडून बघितल्या. आमच्याकडचे गावोगावच्या दूध संस्थांचे सचिव म्हणजे टापटिपीची हौस भारी! डेअरीवर रांग कशीही लागो, नोंद नंबरवारीच पाठवणार. एक, दोन, तीन...

"अरे बाबा," मी त्याला म्हटलं, "प्रत्येक नंबर आधीच्याच्या उजवीकडे जाणार. डावी फांदीच नाही. ही सरळ यादी झाली, वीस हजार फ्रेम एकावर एक बसतील!"

"ताई, झाड हाय ते, यादी न्हाय. किती भ्याचं?"

एका गावाची फाईल चालली. तीन गावांची एकत्र केली, तेव्हा खोलीची मर्यादा, म्हणजे एकात एक किती हाका चालतील ती, ओलांडल्याची चूक आली. गड्यानं काय केलं, तर मर्यादाच वाढवली! मर्यादा वाढली, मेमरी तेवढीच. मी मालकांकडे गेले. ते म्हणाले, "चाललंय न्हवं? मग हात लावू नका." प्रत्येक गाव जोडलं की तो हसायचा आणि माझा जीव वरखाली व्हायचा. राग यायचा, त्याहून जास्त भीती वाटायची.

संघाचं काम प्रोग्रामवर सुरू करायच्या पहिल्या दिवशी सकाळी मालक आमच्या पाठीमागे उभे होते. शीतकेंद्रावर टँकर थांबलेले, फोनवर फोन. सगळ्या गावांची फाईल त्यानं चालवली. चूक आली नाही, संदेश आला नाही. पडद्यावरची प्रोग्रामची खिडकी नुसती नाहीशी झाली. त्यानं परत चालवली, परत तेच.

"कुणी लिवलंय हे?" मालकांनी विचारलं.

"मी," तो म्हणाला.

मालकांनी ऑफिसच्या किल्लीसाठी हात पुढं केला. त्यानं किल्ली दिली, डबा उचलला, माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मला रडू फुटत होतं.

"आता तुम्ही बघा," मालक मला म्हणाले.

झाडात घालायच्या आधी नंबर विस्कटून घ्यायचे, एवढी एकच ओळ मी घातली. बेरीज आली तेव्हा तो अजून जिन्यातच होता.