पंधरावी गाडी

हेमराज जव्हारच्या मोटारसायकल शोरूममध्ये गाड्या विकायचा आणि घरी पोशेऱ्याला जायचा जीपच्या मागे लटकून. यावर त्याला टोमणे मारून मारून अख्खी जीप दमली होती.

त्याचा पक्का पगार नऊ हजार. बाकी सगळं इन्सेंटिव्ह. महिन्यात चारच्या खाली गाड्या गेल्या तर शून्य. चारपासून चौदापर्यंत गाडीमागे पाचशे. आणि पंधरा झाल्या की पहिल्या गाडीपासून प्रत्येक गाडीमागे आठशे. हे पैसे पुढच्या महिन्याच्या पगारात यायचे. पण हेमराज ते गाडीची चावी गिऱ्हाइकाच्या हातात देतानाच मनात खर्चून मोकळा व्हायचा. कोणी पगार विचारला तर बेधडक "वीस हजार" सांगायचा. खोटं नव्हतं ते; दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत एकदा एकवीसही आले होते. त्या पैशांत फ्रीज आला, मेहुणीला साडी आली, आणि पुढच्या भादव्यात भात मेहुण्याकडून आणावं लागलं. त्याच पावसात बायकोची, सुनिताची, नर्सिंगची ॲडमिशन पैशांवाचून हुकली.

यंदा ती झाली होती. सुनिता त्याच्याबरोबरच सकाळी जीपने जव्हारला यायची. फीचा दुसरा हप्ता, वीस हजार, आषाढात भरायचा होता. नाही भरला तर परीक्षेला बसता येणार नव्हतं.

दिवाळीच्या महिन्याचा शेवटचा दिवस. हेमराजच्या नावावर चौदा गाड्या होत्या. दुपार टळली तरी पंधरावा माणूस काही फिरकला नाही.

"पंधरावा माझ्यासमोरच उभा आहे," मॅनेजर संदीप म्हणाला. "तूच घे ना. चौदाचे सात हजार, पंधराचे बारा. पाच हजार तर इथेच सुटले! डाऊन पेमेंट आठ, हप्ता एकोणतीसशे. जीपचं लटकणं बंद."

हेमराज हे गणित रोज दुसऱ्यांना समजावत असे. आज पहिल्यांदा ते त्याला स्वतःला पटलं. तो कोपऱ्यातल्या टेबलापाशी गेला. तिथे फायनान्सवाला गोरख बसायचा. गोरखने सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा मागितल्या, कॅल्क्युलेटर बडवला आणि फॉर्मवर मासिक उत्पन्न लिहिलं: दहा हजार.

"दहा? अरे, वीस लिही की!"

"सहा महिन्यांत इन्सेंटिव्ह मिळून बारा हजार. सरासरी दोन. आमची कंपनी त्यातलं निम्मंच धरते. नऊ आणि एक, दहा."

"निम्मंच का?"

"बदलतं ना ते. तुमच्या स्लिपांत तीन महिने तर भोपळाच आहे, भाऊ."

हेमराजला राग आला, तोही विचित्र जागी. ज्याला कर्ज विकायचं आहे, तो माणूससुद्धा त्याच्या कमाईवर अर्धाच विश्वास टाकत होता. आणि तो स्वतः? तो पुऱ्या कमाईवर, वर आणखी थोडी जोडून.

तेवढ्यात सुनिता क्लास संपवून आली. संदीपने तिलाच मध्ये ओढलं, "वहिनी, सांगा यांना. पाच हजारांचा फायदा सोडून चाललेत!"

सुनिताने फॉर्म वाचला. सावकाश वाचला, नर्सिंगचं पुस्तक वाचावं तसा. मग विचारलं, "फायदा एकदा. हप्ते किती?"

"छत्तीस."

"आन् ज्या महिन्यात चार गाड्या जात नाहीत, त्या महिन्यात हप्ता कुठून भरायचा?"

हेमराजकडे याचं एक ठरलेलं उत्तर होतं. गिऱ्हाइकांना तो ते हसत द्यायचा: "होतं हो काहीतरी!" बायकोसमोर त्याने पेन गोरखला परत दिलं.

फॉर्म सहीवाचून टेबलावरच राहिला. संदीप दोन दिवस त्याच्याशी धड बोलला नाही. पंधरा झाल्या असत्या तर त्याचंही टार्गेट पुरं झालं असतं.

जीपमध्ये दोघांनी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. घराला महिन्याला अकरा हजार लागत होते. ठरलं ते असं: महिना कसाही जावो, घरात अकराच यायचे. वरचे पोस्टात. आणि ज्या महिन्यात नऊच येतील, त्या महिन्यात दोन पोस्टातून काढायचे. "म्हणजे मीच मला पगार द्यायचा," हेमराज म्हणाला. "मालक मात्र भलताच कंजूष आहे."

दिवाळीच्या इन्सेंटिव्हचे सात हजार आले, त्यांतले पाच पोस्टात गेले. थंडीत दोन महिने उलट काढावे लागले. शिमग्याला आणि अक्षय्य तृतीयेला मात्र पंधराच्या वर गाड्या गेल्या, पुन्हा भर पडली. एकदा त्याने मोबाइलसाठी दोन हजार काढले आणि सुनिताला आठ दिवसांनी सांगितलं. ते आठ दिवस त्याला हप्त्यापेक्षा जड गेले.

आषाढ लागला. शोरूमसमोर चिखल, आत माशा. पोस्टात साडेतेवीस हजार होते. वीस काढून त्याने फी भरली. उरले साडेतीन, आणि पुढचे तीन महिने दोन-दोनची तूट.

"अडीच कमी पडतात," तो म्हणाला.

सुनिताने पावती पिशवीत नीट ठेवली. "अडीच कमी पडतात हे यंदा आषाढातच कळलं," ती म्हणाली. "मागे भादव्यात, घरातलं भात संपल्यावर कळलं होतं. चला, जीप सुटेल."