रोगण दिलेलं मडकं

मी चौथीपर्यंत शिकले, चोपड्याला. माझं अक्षर चांगलं होतं. मास्तर माझी पाटी इतर मुलींना दाखवत. लग्न होऊन जळगावला आले तेव्हा बरोबर आणलेलं आणि कुणाला न सांगितलेलं असं तेवढं एकच होतं माझ्याजवळ. ते पुढे कामाला आलं, पण ज्या दिवशी आलं त्या दिवसाची आठवण मला अजून नको वाटते.

माझी धाकटी नणंद तेव्हा मुलींच्या मराठी शाळेत सातवीत होती. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, तरी मी तिला वन्संच म्हणे. तिला पुढे शिकायचं होतं. धुळ्याला आत्याबाई होत्या. त्यांच्याकडे राहून इंग्रजी शाळेत जावं आणि पुढे मास्तरीण व्हावं असं तिच्या मनात होतं. माझे सासरे, त्यांना सगळे आबा म्हणत, नाही म्हणाले नव्हते, हो पण म्हणाले नव्हते. फाल्गुनात शाळेत प्रदर्शन भरायचं होतं आणि शाळातपासनीस साहेब पाहायला येणार होते. आबा एका सकाळी दातण करता करता म्हणाले, "साहेबांनी हिच्याबद्दल चांगला शब्द काढला तर पाठवू धुळ्याला. नाहीतर मग पुढलं बघू." पुढलं म्हणजे काय ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. दोन ठिकाणांहून विचारणा येऊन गेली होती.

शाळेतल्या बाईंनी प्रत्येक मुलीला पुस्तकातला एकेक धडा वाटून दिला होता. वन्संच्या वाट्याला बाष्पीभवन आलं. पुस्तकात एकच वाक्य होतं. द्रव पदार्थाची वाफ होताना तो भोवतालची उष्णता शोषून घेतो. त्याच्याखाली चित्रसुद्धा नव्हतं. बाईंची अट अशी की नुसतं चित्र चालणार नाही, पाहणाऱ्यासमोर काहीतरी झालं पाहिजे, आणि शेजारच्या तक्त्यावर सहा ओळींपेक्षा जास्त मजकूर नको.

वन्सं दोन दिवस ते वाक्य घोकत फिरली. तिसऱ्या दिवशी मी ओसरीवरच्या मडक्यातून पाणी काढत होते, तेव्हा तिनं मडक्याच्या पोटावर हात ठेवला आणि तो ओला झालेला मला दाखवला.

"वहिनी, हे बाहेर येतं ना, ते वाळतं कुठं? हवेत जातं. जाताना मडक्याची उष्णता घेऊन जातं. म्हणून आतलं गार."

"बरं," मी म्हणाले. मला वाटलं मडकं गार करतं ते मातीच्या गुणानं. तसं मी बोलले नाही.

"पण गार झालेलं काही लांबून दिसत नाही. दिसेल असं काय करावं?"

तिनंच ते शोधलं. हवेत पाणी जातं म्हणजे मडकं हलकं होत असणार. घरात धान्य मोजायचा तराजू होता. तो तिनं अंगणातल्या लिंबाच्या फांदीला सावलीत टांगला. एका पारड्यात परसातलं जुनं लहान मडकं पाण्यानं भरून ठेवलं, दुसऱ्यात पितळी तांब्या, आणि दांडी सरळ होईपर्यंत तांब्यात पाणी घालत गेली. दोन्हींवर ताटल्या झाकल्या. मी विचारलं, मडक्याचे थेंब खाली गळले तर? ती म्हणाली, "पारड्यातच पडतील, वजन तेच राहील. जे उडेल तेवढंच कमी होईल." उन्हं कलली तोवर मडक्याचं पारडं चार बोटं वर गेलं होतं. कुणी हात लावला नव्हता. तांब्यातलं पाणी कोमट आणि मडक्यातलं दात शिवशिवतील असं गार. वन्सं अंगणात टाळ्या वाजवत नाचली आणि सासूबाईंनी आतून दटावलं.

मग तक्ता. तिनं मजकूर चार वेळा लिहून खोडला. पहिल्यांदा पुस्तकातलंच वाक्य होतं. मी म्हणाले, हे आमच्यासारखीला नाही कळायचं. मी तिच्या कामात घातलेला तेवढाच शब्द. तिनं तो ऐकला. शेवटी असं ठरलं:

मडक्यातले पाणी गार का होते?
मडक्याच्या मातीला डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रे असतात.
त्यांतून पाणी बाहेर झिरपते व त्याची वाफ होते.
वाफ होताना ते मडक्याची व आतील पाण्याची उष्णता घेते.
पितळेला छिद्रे नाहीत, म्हणून तांब्यातील पाणी तसे गार होत नाही.
सकाळी दोन्ही पारडी समान होती. आता पाहा.

"तुमच्या अक्षरात लिहा वहिनी," ती म्हणाली. मी पुठ्ठ्यावर कागद चिकटवला, बोरू तासला आणि दोन दुपारी खपून तो तक्ता लिहिला. 'छिद्रे' हा शब्द दोनदा आला होता. त्यातला छ मला फार सुबक साधला. एवढंच माझं लक्ष होतं. शब्द माझ्या हातातून गेले, डोक्यातून गेले नाहीत.

प्रदर्शनासाठी पिंप्राळ्याच्या कुंभारणीकडून नवं मडकं आणलं. जुनं काळं पडलेलं होतं, बुडाशी पांढरे खार फुटले होते. नवं मडकं पाहून सासूबाई थांबल्या. त्या धुळ्याकडच्या, अहिराणी बोलत.

"हाई कोरं मडकं लोकेसले दखाडशी का व? कोरं मडकं कथा धरतस, ठाऊक नही का?"

कोरं मडकं स्मशानाच्या वाटेवर धरतात. मंगल कामाला रंगवलेलंच लागतं. वन्सं त्या वेळी शाळेत होती, बाई मुलींकडून बोलायची तयारी करून घेत होत्या. सासूबाईंनी मडकं माझ्यापुढे ठेवलं आणि मला आनंदच झाला. वन्संसाठी मला काहीतरी करता येणार होतं.

गेरू पाण्यात कालवून लावायचा हे मला माहीत होतं. पण मी अंगणात पाहिलं होतं की मडकं पाझरतं. पाझरलं की गेरू ओघळणार आणि साहेबांसमोर सगळं पारडं लाल होणार. म्हणून मी विचार केला. हो, विचारच केला. दारांना लावून उरलेलं अळशीच्या तेलाचं रोगण होतं. त्यात गेरू घोटला आणि मडक्याला दोन हात दिले. उन्हात वाळवलं. वर पांढरी वेल काढली, पानं, मधे मोर. पाणी ओतून पाहिलं. एक थेंब पाझरला नाही. मला वाटलं, जमलं.

प्रदर्शनाच्या सकाळी मी ते वन्संपुढे ठेवलं. तिनं मडक्यावरून बोट फिरवलं. मग तळहात ठेवला, जरा वेळ तसाच ठेवला.

"छान आहे वहिनी," ती म्हणाली. मग सासूबाईंकडे वळून हळूच म्हणाली, "आई, मी परसातलं जुनंच नेते. चालेल?"

"ते काळं ढुस्स? बठ्ठा लोके हासतीन. मंग सूननी तीन दिन का फुकट घालात?"

"तसं नाही आई, याला रोगण..." एवढं बोलून तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पुढचं गिळलं.

मी एक शब्द बोलले असते, न्या जुनंच, तर सासूबाईंनी ऐकलं असतं. काम माझं होतं, ते बाजूला ठेवायला मीच सांगितलं असतं तर हट्ट कशाचा उरला असता? पण मला वाटलं तिला माझा मोर आवडला नाही. माझं मन खट्टू झालं. मी खाली मान घालून चुलीकडे गेले. टांगा दारात आला आणि मडकं गेलं.

दुपारी शाळा बायकांसाठीही उघडी होती. मी सासूबाईंबरोबर गेले. एका वर्गात वन्संचा तराजू खिडकीशी टांगला होता. दांडी सरळ होती, आखून काढावी तशी. सकाळी आठला ठेवलेली, आता तीन वाजत आले होते. तेव्हा माझी नजर तक्त्यावर गेली. मीच लिहिलेल्या ओळी मी पहिल्यांदा वाचल्या. दुसरी ओळ छिद्रांची होती, आणि ती छिद्रं मीच रोगणानं बुजवली होती.

साहेब आले. बरोबर बाई, मागे आबा आणि गावातली चार माणसं. साहेबांनी तक्ता मोठ्यानं वाचला. शेवटची ओळ वाचून तराजूकडे पाहिलं.

"आता पाहा म्हणतेस. काय पाहू?"

कुणीतरी हसलं. साहेबांनी बाईंकडून उष्णतामापक घेऊन दोन्ही भांड्यांत बुडवला. पारा दोन्हीकडे सारखाच.

"सांग मुली, पारडं का नाही उचललं?"

"मडक्याला रोगण दिलंय. छिद्रं बुजली."

"हे तुला माहीत होतं?"

"हो."

"मग रोगण कुणी दिलं?"

 तिनं बायकांच्या घोळक्याकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही, हे मला तेव्हाच कळलं.

"मी."

"लिहायचं एक आणि करायचं एक," साहेब म्हणाले. रागानं नाही, थट्टेनं म्हणाले. "पाठांतर चांगलं आहे. तक्ता कुणाच्या हातचा?"

"आमच्या वहिनीच्या."

"अक्षर उत्तम." आणि ते पुढच्या टेबलाकडे वळले.

मी सात-आठ हातांवर उभी होते. रोगण मी दिलं, एवढंच म्हणायचं होतं. सासरे समोर, परके पुरुष समोर. मी पदर पुढे ओढला. कानात 'अक्षर उत्तम' वाजत होतं आणि त्या शब्दांनी क्षणभर बरं वाटलं, हेही इथे लिहून ठेवते, कारण हे कागद कुणी वाचणार नाही.

घरी आल्यावर आबा एवढंच म्हणाले, "पुस्तक वाचता येतं, हातून काही होत नाही. पुरे झाली शाळा."  वन्संनी मडकं माझ्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी मी विटेच्या तुकड्यानं मडक्याची एक बाजू घासली. मोराचं अर्धं अंग गेलं. पाणी भरून ठेवलं. संध्याकाळी घासलेल्या जागेवर दव धरलं होतं, बाकी सगळं कोरडं. ते आबांना नेऊन दाखवावं असं ठरवलं. वाक्य जुळवलं. त्यांच्या बैठकीच्या दारापर्यंत गेले. आत सुपारी कातरण्याचा आवाज येत होता. मी तिथूनच परत फिरले. यांना सांगितलं, तर हे म्हणाले, "आता आबांचा शब्द गेला. तू कशाला मधे पडतेस?" खरं तर मधे पडायला हवं होतं ते मीच, रोगण माझ्या हातचं होतं.

वैशाखात वन्संचं लग्न झालं. घर चांगलं मिळालं, पाचोऱ्याकडचं.

पुष्कळ वर्षांनी ती माहेरपणाला आली होती. आबा तोवर गेले होते. आम्ही दोघी गहू निवडत बसलो होतो. मी सूप खाली ठेवलं आणि जे तेव्हा बोलायचं होतं ते बोलले, अडखळत, सगळं.

ती गव्हातला खडा काढून बाजूला टाकत म्हणाली, "वहिनी, तुम्ही बोलला असता तरी आबांनी पाठवलंच असतं असं काही नाही."

"पण पाठवलंही असतं."

 दोन-तीन मुठी गहू निवडून झाल्यावर ती म्हणाली, "माझी धाकटी आता सातवीत आहे. तिला धुळ्याला ठेवायचं माझ्या मनात आहे. घरात विषय काढायचा आहे अजून."

"काढा," मी म्हणाले.

"भीती वाटते," ती म्हणाली.

अंगणात पारडं वर गेलं तेव्हा नाचलेली ती. मी तिच्याकडे पाहत राहिले, आणि तिला धीर द्यायला त्या घरात माझ्याहून बरं कुणी नव्हतं, याची मला लाज वाटली.