कासवाने थांबायचे पाच सेकंद

लेखिकाबाईंना एकटं राहून बारा वर्षं झाली होती, आणि एकट्या माणसाला जडते ती खोड त्यांनाही जडली होती: स्वतःच विचारायचं, स्वतःच उत्तर द्यायचं. "गॅस बंद केला का? केला." भिंती बिचाऱ्या निमूट ऐकून घेत. यात कुणाचं काही बिघडत नव्हतं. बिघडलं ते कासवाचं.

चार ते सहा वर्षांच्या मुलांसाठी त्या सात मिनिटांची अ‍ॅनिमेशन गोष्ट लिहीत होत्या. कागदावर दोन रकाने: डावीकडे चित्र, उजवीकडे आवाज. कासव बी पेरतं आणि कोंब आला का ते बघायला माती उकरतं. बी वाया जातं. दुसरं पेरतं, तेही उकरतं. तिसऱ्याला मात्र हात लावत नाही. वाक्यं इवलीशी, तिन्ही वेळा तीच, म्हणजे मुलांच्या तोंडात बसतात. 'धीर' हा शब्द बाईंनी मुद्दामच टाळला होता. एवढ्याशा पोरांना धीर सांगून कळत नाही, दाखवावा लागतो.

एवढं करूनही दिग्दर्शिकेने कागद परत सरकवले.

"मावशी, कासव विचारतं, 'उकरू का?' आणि लगेच स्वतःच म्हणतं, 'नको, थांबू या.' मग मुलांनी बोलायचं कधी?"

बाईंचा चेहरा उतरला. आपली खोड कासवाला कधी लागली, त्यांना कळलंच नव्हतं.

"उत्तर खोडा. पाच सेकंद नुसतं कासव दिसू दे. पण बालवाडीत दाखवू तेव्हा पोरं गप्प बसली, तर मला दुसरी गोष्ट घ्यावी लागेल हं."

घरी बाईंनी घड्याळ लावून पाहिलं. "उकरू का?" फ्रिजची घरघर तेवढी ऐकू आली. चौथ्या सेकंदाला त्यांनीच "नको" म्हणून टाकलं. आधी हसू आलं, मग रडू. लेकीचा फोन रविवारी यायचा, आणि आज कुठे मंगळवार होता. शेवटी उत्तर खोडून त्यांनी उजव्या रकान्यात लिहिलं, 'शांतता. पाच सेकंद.'

बालवाडीत कच्ची चित्रं लावली. तात्पुरता आवाज बाईंचाच होता. पहिलं बी वाया गेलं, दुसरंही गेलं, मुलं खिदळली. तिसरं पेरून कासवाने समोर पाहिलं.

"उकरू का?"

एक. दोन. एक पोरगा मोजा ओढत बसला होता. तीन. बाईंच्या जिभेवर 'नको' येऊन ठेपलं. त्यांनी तोंडावर हात दाबून धरला.

पुढच्या रांगेतली एक चिमुरडी ताडकन उठली.

"नको ना! थांब!"

आणि मग सगळा वर्गच ओरडला, "थांब! थांब!"

दिग्दर्शिकेने मागून अंगठा दाखवला, पण बाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांच्या आवाजातल्या प्रश्नाला कितीतरी वर्षांनी दुसऱ्या कुणीतरी उत्तर दिलं होतं.